न्यूरॉलॉजिस्टसाठी एक पान: दहा वर्षांची डोकेदुखी पहिल्या भेटीआधी कशी लिहावी

प्रश्न: मी नाशिकची, सिडकोत राहते, वय 39. दहा वर्षं डोकं दुखतंय. सायनस, पित्त, चष्मा, मान, सगळं करून झालं. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच न्यूरॉलॉजिस्टकडे जायचंय. कागदांची पिशवी भरलीय, पण डॉक्टरांसमोर बसलं की मला काही आठवत नाही. म्हणून आधी एक पत्र लिहून द्यायचं ठरवलंय. त्यात काय लिहू आणि काय गाळू?

उत्तर:

पत्र एका पानाचं ठेवा आणि त्याची सुरुवात गेल्या महिन्यापासून करा. दहा वर्षांपूर्वीचं नंतर.

मी नाशिकमध्येच न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतो, वीस वर्षांच्या वर झाली. डोकेदुखीच्या पहिल्या भेटीला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मिळतात आणि त्यातली निम्मी पिशवीतले कागद उलगडण्यात जातात. या आजारात तपासणी बहुतेक वेळा नॉर्मल असते आणि एमआरआयही नॉर्मल येतो, कारण मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, फोटोत दिसत नाही. निदान होतं ते तुमच्या सांगण्यावरून. त्यामुळे तुमचं पत्र हीच एका अर्थी मुख्य तपासणी आहे. मला त्यातून सगळ्यात आधी दोन आकडे हवे असतात, आणि नेमके तेच बहुतेक पत्रांत नसतात.

पहिला आकडा दुखण्याच्या दिवसांचा. "महिन्यात किती वेळा दुखतं?" असं विचारलं की लोक मोठे अटॅक मोजतात. ज्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं, उलट्या झाल्या, तेवढेच दिवस त्यांच्या हिशोबात येतात. उत्तर येतं, "चार-पाच वेळा." मग मी उलटा प्रश्न विचारतो: महिन्यात असे किती दिवस जातात, की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत डोकं पूर्ण हलकं असतं, जडपणासुद्धा नाही? यावर माणूस थोडा थांबतो आणि म्हणतो, "सात-आठ." म्हणजे दुखण्याचे दिवस बावीस-तेवीस झाले. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस दुखत असेल, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल आणि त्यातले किमान आठ दिवस अर्धशिशीच्या धाटणीचे असतील, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. त्याचे उपाय महिन्याला चार अटॅक येणाऱ्यापेक्षा वेगळे असतात. "चार-पाच वेळा" या उत्तरावर मी औषध दिलं तर ते चुकीच्या आजाराला दिल्यासारखं होतं.

भेटीला आठवडा आहे, तर आजपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. मोठ्या अटॅकला फुली, नुसत्या जडपणाला टिंब, आणि त्या दिवशी गोळी घेतली असेल तर तारखेला गोल. सात दिवसांचं का होईना, ते खरं असेल. मागचा महिना आठवून लिहिताना रजेच्या नोंदी पाहा, मेडिकलची बिलं पाहा, मोबाइलवरून मेडिकलला केलेल्या पेमेंटच्या तारखा पाहा. आठवलेलं असेल तर "अंदाजे" लिहा. अंदाज चालतो, फक्त तो अंदाज आहे हे मला कळलं पाहिजे.

दुसरा आकडा गोळीच्या दिवसांचा, आणि दहा वर्षांच्या डोकेदुखीत माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा. वारंवार घेतलेली वेदनाशामक गोळी स्वतःच डोकेदुखी टिकवून धरते. साधी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा नेप्रोक्सेन महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर हे होऊ शकतं. अर्धशिशीच्या अटॅकवर देतात त्या अर्गोटामिनच्या आणि ट्रिप्टान गटातल्या गोळ्या, आणि दोन-तीन घटक एकत्र असलेल्या किंवा कॅफीन घातलेल्या गोळ्यांसाठी ही मर्यादा फक्त दहा दिवसांची आहे. यात दिवस मोजायचे. एका दिवशी तीन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. गुडघ्यासाठी किंवा पाळीत पोट दुखतं म्हणून घेतलेली वेदनाशामक गोळीही याच हिशोबात येते, ती लोक हमखास विसरतात.

हा आकडा आठवून बरोबर येत नाही. पर्स, ऑफिसचा ड्रॉवर, स्कूटीची डिकी, स्वयंपाकघरातली बरणी, जिथे जिथे गोळ्या ठेवता तिथल्या रिकाम्या स्ट्रिप गोळा करून टेबलावर मांडा. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी "आठवड्याला एखादी" असं लिहून आणलं होतं. त्यांच्या मुलाने घरातल्या स्ट्रिप मोजल्या तेव्हा दहा गोळ्यांच्या सहा निघाल्या, सगळ्या दोन महिन्यांतल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. दुखत असताना घेतलेली गोळी खरंच लक्षात राहत नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. ब्रँडच्या नावापेक्षा मला घटक जास्त उपयोगाचे असतात.

आता एक उदाहरण देतो. ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. बेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ, अंबड औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर. त्यांनी चार पानी पत्र आणलं होतं. पहिलं वाक्य असं: "2015 च्या गणपतीत पहिल्यांदा डोकं दुखलं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी गॅस सांगितला, नंतर मावसभावाच्या ओळखीने दुसरीकडे गेलो." तिथून पुढे प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक तपासणी, प्रत्येक निराशा क्रमाने लिहिलेली. त्यातली तळमळ खरी होती. पण सध्या महिन्यात किती दिवस दुखतं, ते चार पानांत कुठेच नव्हतं. आणि लहानपणापासून दमा आहे ही गोष्ट चौथ्या पानाच्या तळाशी एका ओळीत होती. आम्ही दोघांनी मिळून ते पुन्हा लिहिलं, ते असं झालं:

> वय 42, पुरुष. कारखान्यात सुपरवायझर, दर आठवड्याला पाळी बदलते.
>
> सध्या: मागच्या 30 दिवसांत 21 दिवस दुखलं. त्यातले 9 मोठे अटॅक, 12 दिवस जडपणा. 9 दिवस पूर्ण मोकळे. गोळी 17 दिवस घेतली: 14 दिवस अर्गोटामिन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल असलेली (एकूण 24 गोळ्या), 3 दिवस नेप्रोक्सेन. हे साधारण दीड वर्षापासून असं आहे.
>
> त्याआधी: 2015 ला सुरू. पहिली तीन-चार वर्षं महिन्याला दोन, नंतर पाच-सहा. लहानपणी घाटात बस लागायची. आईचंही डोकं दुखायचं.
>
> मोठा अटॅक: आदल्या संध्याकाळी जांभया येतात, मान आखडते. पहाटे चारच्या सुमारास दुखून जाग येते. बहुतेक वेळा उजवी कानशील आणि डोळ्यामागे, कधी डावीकडे. ठणकतं. जिना चढलो की वाढतं. उजेड आणि फोडणीचा वास सहन होत नाही. पाचपैकी तीन वेळा उलटी. गोळी न घेता दीड दिवस टिकतं. दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकणं, हात बधिर होणं, बोलणं अडखळणं कधीच नाही.
>
> रोज घेतलेली प्रतिबंधक औषधं: 2017, प्रोप्रॅनोलॉल 20 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 3 आठवडे. फरक नाही, धाप लागली, स्वतः बंद केली. 2019, फ्लुनारिझिन 10 मिग्रॅ रात्री, 5 महिने. अटॅक सहावरून दोनवर आले, वजन 6 किलो वाढलं म्हणून बंद. 2022, अमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ रात्री, 10 दिवस. पहिल्या पाळीला जाग येईना. 2024, टोपिरामेट 25, मग 50 मिग्रॅ, एकूण 5 आठवडे. बोटांना मुंग्या आल्या, घाबरून बंद.
>
> इतर आजार: लहानपणापासून दमा, थंडीत पंप लागतो. मुतखडा, काचबिंदू, बीपी, हृदयाचा त्रास नाही.
>
> तपासण्या: एमआरआय 2021, नॉर्मल. डोळ्याचा पडदा 2024, नॉर्मल.
>
> माझा प्रश्न: रोजची गोळी बंद कशी करू?

यातला औषधांचा परिच्छेद नीट वाचा. चार पानांत त्यांनी "चार-चार औषधं झाली, एकाचाही गुण नाही" असं लिहिलं होतं. मात्रा, मुदत आणि बंद करण्याचं कारण लिहिल्यावर चित्र पालटलं. फ्लुनारिझिनचा गुण चांगला आला होता, ते वजनामुळे सुटलं. अमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ ही सुरुवातीची मात्रा, आणि तीही दहाच दिवस. टोपिरामेट साधारण 100 मिग्रॅपर्यंत न्यावं लागतं, ते निम्म्यावर थांबलं. प्रतिबंधक औषधाचा गुण आहे की नाही हे ठरवायला पुरेशी मात्रा गाठल्यावर किमान आठ आठवडे द्यावे लागतात. म्हणजे चारपैकी दोन औषधांची परीक्षा झालीच नव्हती. आणि प्रोप्रॅनोलॉल? दमा असलेल्याला ते द्यायचंच नसतं. तेव्हाच्या डॉक्टरांना त्यांनी दम्याचं सांगितलं नव्हतं, कारण "डोक्याचा आणि दम्याचा काय संबंध" असं त्यांना वाटलं. धाप का लागली, याचा उलगडा आठ वर्षांनी झाला.

तेव्हा प्रत्येक प्रतिबंधक औषधापुढे चार गोष्टी लिहा: नाव, जास्तीत जास्त किती मात्रा झाली, किती आठवडे घेतलं, का थांबवलं. जुन्या चिठ्ठीत मात्रा सापडली नाही तर "लहान पांढरी गोळी, रात्री एक, साधारण दोन महिने" एवढंही लिहा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषधं घेतली असतील तीही लिहा. संकोच करू नका, मी त्यावरून कोणाला बोलत नाही. बिननावाच्या पुड्या घेतल्या असतील तर मात्र ठळक लिहा, कारण अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असतं, आणि ते अचानक थांबलं की वेगळेच त्रास होतात.

अटॅकच्या वर्णनात निदान लिहू नका. "सायनसचं डोकं", "पित्ताचं डोकं" लिहिलंत की वाचणाऱ्याचीही नजर तिकडे वळते. आपल्याकडे उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणून ते पित्तच, असं घरोघरी मानतात. अर्धशिशीत मळमळ आणि उलटी हा अटॅकचाच भाग असतो. नाक चोंदणं, डोळ्यातून पाणी येणं हेही मायग्रेनमध्ये होतं, आणि त्यातूनच कित्येकांवर वर्षानुवर्षं सायनसचे उपचार होतात. तुम्ही फक्त जे घडतं ते घड्याळाच्या क्रमाने लिहा: आदल्या दिवशी काय जाणवतं, किती वाजता सुरू होतं, कुठे, तासाभरात कुठवर जातं, तुम्ही तेव्हा काय करता, गोळी किती वेळाने घेता, दोन तासांनी काय स्थिती असते, दुसऱ्या दिवशी परत येतं का. कशाने सुरू होतं याबद्दल ज्याची खात्री आहे तेवढंच: संकष्टीचा उपास, उन्हातून येणं, जागरण. डोक्यावरून अंघोळ केली आणि केस ओले राहिले की दुखतं असं वाटत असेल तर तेही लिहा. आपल्या देशातल्या बायकांमध्ये हे कारण डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे, त्याला कोणी हसणार नाही.

तुमच्यासाठी वरच्या पत्रात नसलेल्या काही ओळी लागतील. अटॅक पाळीच्या आसपास येतात का, हे कॅलेंडरवर पाळीच्या तारखा मांडल्या की दिसेल. गर्भनिरोधक गोळ्या घेता का, आणि दुखण्याआधी पाच मिनिटं ते तासभर डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा किंवा आंधळा ठिपका दिसतो का, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहा. तसं दिसत असेल आणि गोळीत इस्ट्रोजेन असेल तर पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून बहुधा गोळी बदलावी लागते. मूल होण्याचा विचार आहे की ऑपरेशन झालं आहे, हेही स्पष्ट लिहा. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही प्रतिबंधक औषधं गर्भाला अपाय करतात आणि अर्गोटामिन गरोदरपणात चालत नाही. इतर आजारांची ओळ "नाही" असली तरी लिहायचीच. मुतखडा असेल तर टोपिरामेट टाळतो, काचबिंदू असेल तर अमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट दोन्हींबाबत जपतो, हृदयविकार असेल तर ट्रिप्टान आणि अर्गोटामिन देत नाही.

तपासण्यांचं थोडक्यात. महिना-वर्ष आणि रिपोर्टच्या शेवटचा निष्कर्ष, एवढंच पत्रात. एमआरआयची फिल्म किंवा सीडी सोबत आणा, मागितली तर द्या. रक्ताचे जुने रिपोर्ट घरी राहू द्या, शेवटचा एक पुरे.

भेटीपर्यंत चालू असलेली रोजची औषधं स्वतःहून बंद करू नका. गोळ्यांचा आकडा वाचून दचकायला झालं तरी तो कमी करून लिहू नका. आणि काही गोष्टी पत्रात लिहून आठवडाभर थांबण्याच्या नसतात: मिनिटभरात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, हातापायात आलेली कमजोरी, बोबडं बोलणं, नजर जाणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं. असं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलला जा. दुखण्याची जुनी धाटणी गेल्या काही आठवड्यांत बदलली असेल, खोकलं किंवा वाकलं की दुखत असेल, तर ती ओळ पत्रात सगळ्यात वर लिहा, आणि अपॉइंटमेंट अलीकडे घेता येते का ते फोन करून विचारा.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक डॉक्टरांना बसताक्षणी द्या आणि म्हणा, "आधी हे वाचता का?" आम्ही वाचतो, दोन मिनिटं लागतात. दुसरी स्वतःच्या हातात ठेवा, म्हणजे विचारलं की आठवावं लागणार नाही.

त्या गृहस्थांचं पुढे असं झालं. पत्र हातात आल्यावर निदानाला पाच मिनिटं लागली: क्रॉनिक मायग्रेन, आणि त्यावर गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी. उरलेला वेळ त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला देता आला. अर्गोटामिन एकदम बंद केली. पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढेल हे आधीच सांगितलं, आणि ते दिवस साप्ताहिक सुट्टी आणि रजा जोडून ठरवले. अगदीच असह्य झालं तर नेप्रोक्सेन, आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. टोपिरामेट पुन्हा सुरू केलं, या वेळी सावकाश वाढवत 100 मिग्रॅपर्यंत, भरपूर पाणी पिण्याची सूचना देऊन. मुंग्या येणार, त्या या औषधाच्या ठरलेल्या आहेत आणि बहुधा कमी होतात, हेही सांगितलं. चौथा दिवस फार वाईट गेला, त्यांच्या पत्नीचा फोन आला होता. तेराव्या दिवसापासून उतार पडला.

तीन महिन्यांनी ते दुसरं पत्र घेऊन आले. त्यात तीनच ओळी होत्या: "मागच्या 30 दिवसांत 8 दिवस दुखलं. गोळी 5 दिवस. मुंग्या आहेत, पण चालतात."